रीसेटनंतर उगवणारं कुलूप: वापरलेला फोन विक्रेत्यासमोरच कसा तपासायचा

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येते. "घेतला तेव्हा फोन छान चालत होता. घरी येऊन रीसेट केला आणि आता कुणाचा तरी पासवर्ड मागतोय." मोबाइल दुरुस्तीशी माझा जुना संबंध आहे, म्हणून ओळखीतले लोक असे फोन माझ्याकडे घेऊन येतात. त्यातले बहुतेक मला तसेच परत द्यावे लागतात. फोन बिघडलेला नसतोच, तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने बांधलेला असतो आणि ती गाठ माझ्या हाताने सुटणारी नसते.

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाचं असंच झालं. ओळखीच्या ओळखीतून त्याने एक आयफोन घेतला. घेताना त्याने कॅमेरा पाहिला, स्पीकर ऐकला, स्वतःचं सिम घालून मला फोन केला, स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांवर बोट फिरवलं. सगळं ठीक होतं. दोन दिवसांनी आधीच्या माणसाचे काही फोटो आणि ॲप राहिलेले दिसले म्हणून त्याने फोन रीसेट केला. भाषा निवडली, वाय-फाय जोडलं आणि पुढचं पान आलं `Remote Management`. खाली एका कंपनीचं नाव आणि लॉगिनची चौकट. "दादा, ही कंपनी कुठली? मी तर हे नावही ऐकलं नाही," असं म्हणत तो माझ्याकडे आला. विकणाऱ्याने ती नोकरी सोडली होती आणि कंपनीने दिलेला फोन परत न करता विकून टाकला होता. सुरुवातीचं ते पान चुकवून फोन चालू करण्याची एखादी युक्ती कुणीतरी वापरली असणार, कारण चालू फोनमध्ये कंपनीचा मागमूसही दिसत नव्हता.

भावाने केलेली एकही तपासणी चुकीची नव्हती. पण ती सगळी फोनच्या अंगाची तपासणी होती. त्याला गाठणारी गोष्ट फोनमध्ये नव्हतीच, ती एका दूरच्या सर्व्हरवरच्या यादीत होती.

कुलूप आधी का दिसत नाही

रीसेट म्हणजे फोन कोरा होणं, अशी आपली समजूत असते. फोटो, संदेश, ॲप यांच्या बाबतीत ती खरी आहे. मालकीच्या बाबतीत मात्र फोन मुद्दाम असा बनवलेला आहे की रीसेटने ती पुसली जाऊ नये. नाहीतर चोराने फोन पळवायचा, रीसेट मारायचा आणि विकायचा, इतकं ते सोपं झालं असतं.

आयफोनवर ही सोय २०१३ साली आयओएस ७ बरोबर आली. हरवलेला फोन शोधून देणारं `Find My` फोनमध्ये चालू असेल, तर तो फोन त्या ॲपल खात्याला बांधला जातो आणि ही नोंद ॲपलकडे राहते. रीसेट झालेला फोन पहिल्यांदा इंटरनेटला लागला की ॲपलला विचारतो, मी कुणाचा? तिकडून जुन्या मालकाचं नाव निघालं, तर स्क्रीनवर `iPhone Locked to Owner` येतं आणि गाडी तिथेच थांबते. कंपनीने घेतलेल्या फोनांची यादीही तशीच ॲपलकडे असते. म्हणून भावाला ते पान वाय-फाय जोडल्यावरच दिसलं, त्याआधी नाही.

अँड्रॉइडवर २०१५ पासून, म्हणजे ५.१ या आवृत्तीपासून, तशीच सोय आहे, पण तिची रचना थोडी वेगळी आहे. गूगल खात्याची खूण फोनमध्येच एका वेगळ्या कप्प्यात ठेवलेली असते. फोन बंद करून बटणं दाबून जो रीसेट होतो, तो त्या कप्प्याला हात लावत नाही. म्हणून तसा रीसेट केलेला फोन सुरू होताना आधीचा पॅटर्न किंवा आधीचं गूगल खातं मागतो. सेटिंग्जमध्ये जाऊन, स्क्रीनचा पिन टाकून रीसेट केला, तर मालकानेच परवानगी दिली असं धरून ती खूण सहसा पुसली जाते. एकाच फोनचा रीसेट कधी निर्धोक ठरतो आणि कधी फोन अडकवतो, त्याचं कारण हे आहे.

यावरून फोन घेण्याची जागा आणि वेळ ठरते. विकणारा समोर असताना फोन रीसेट व्हायला हवा, इंटरनेटला लागायला हवा आणि तुमच्या खात्याने उघडून होम स्क्रीनपर्यंत यायला हवा. पैसे त्यानंतर. या अर्ध्या तासाची घाई करणारा विक्रेता कितीही गोड बोलत असला, तरी मी तो फोन घेत नाही.

भेटण्याआधी विक्रेत्याला काय सांगायचं

आयफोन असेल, तर एक गोष्ट आधी फोनवरच विचारून घ्या: `Stolen Device Protection` चालू आहे का? आयओएस १७.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, ही सोय आली आहे. ती चालू असेल आणि माणूस स्वतःच्या घरापासून किंवा नेहमीच्या जागेपासून दूर असेल, तर ॲपल खात्यातून बाहेर पडायला फोन एक तास थांबायला लावतो आणि मग पुन्हा चेहरा तपासतो. प्रामाणिक विक्रेतासुद्धा अशा वेळी गोंधळतो, "आता होत नाहीये, घरी जाऊन काढतो, तुम्ही घेऊन जा" असं म्हणतो, आणि घरी गेल्यावर ते राहून जातं. त्यापेक्षा त्याने घरूनच ही सोय बंद करून, खात्यातून बाहेर पडून यावं हे बरं. त्याचा स्वतःचा डेटा आधीच दुसरीकडे उतरवलेला असावा, हेही त्याला आठवण करून द्या. तो तयार नसेल, तर ऐन वेळी कुणीही रीसेट करू देत नाही.

अँड्रॉइड असेल, तर सगळी गूगल खाती, फोन बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं खातं आणि स्क्रीनचा पिन काढायला सांगा. सॅमसंग आणि शाओमी फोनांत कंपनीचं खातं वेगळं असतं आणि त्याचं कुलूपही वेगळं बसू शकतं. नुसतं गूगल काढून भागत नाही.

कधी कधी विक्रेता म्हणतो, "मी सगळं रीसेट करूनच आणलंय, अगदी कोरा आहे." फोनवर `Hello` दिसतंय म्हणून समाधान मानू नका. त्या पानापर्यंत चोरीचा फोनही येतो. प्रश्न त्यापुढच्या दोन पानांचा आहे.

आयएमईआय: काय कळतं, काय कळत नाही

भेटल्यावर पहिलं काम दोन मिनिटांचं. डायलवर हे टाइप करा:

```
*#06#
```

१५ अंकी क्रमांक दिसेल. हाच आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहून घ्या. सेटिंग्जमधल्या `About phone` किंवा `About` या पानावर तेच क्रमांक दिसायला हवेत, आणि खोक्यावर व बिलावरही. काही फोनांच्या सिम ट्रेवर क्रमांक कोरलेला असतो, पण ट्रे सहज बदलता येतो, त्यामुळे ट्रेवरचा क्रमांक जुळला नाही तर शंका घ्या आणि जुळला तरी त्यावर विसंबू नका.

पहिल्या ८ अंकांवरून मॉडेल ओळखता येतं. मोबाइल कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना जीएसएमए हे अंक नेमून देण्याची व्यवस्था सांभाळते. दूरसंचार खात्याच्या किंवा मोबाइल कंपनीच्या अधिकृत तपासणीत क्रमांक टाकल्यावर हातातल्या फोनपेक्षा वेगळ्याच मॉडेलचं नाव आलं, तर क्रमांक बदललेला आहे किंवा मदरबोर्ड दुसऱ्या फोनचा आहे. दोन्ही बाबतींत व्यवहार तिथेच थांबवावा. क्रमांकाच्या जागी सगळे शून्य असले किंवा काहीच आलं नाही, तर नेटवर्कचा भाग निकामी आहे किंवा कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये हात घातला आहे.

त्याच तपासणीत फोन काळ्या यादीत आहे की नाही हेही कळतं. चोरीची तक्रार झाली की आयएमईआय या यादीत जातो आणि नेटवर्क त्याला सेवा देत नाही. पण इथे लोकांचा एक मोठा गैरसमज होतो. आयएमईआय स्वच्छ आला म्हणजे फोन मोकळा आहे, असं ते धरतात. ही यादी नेटवर्कपुरती आहे. ॲपल किंवा गूगल खात्याचं कुलूप तिच्यात दिसत नाही, कंपनीची मालकीही दिसत नाही. भावाच्या फोनचा आयएमईआय पूर्ण स्वच्छ होता. शिवाय तो निकाल आजचा असतो. मालकाने तक्रार पुढच्या आठवड्यात केली, तर पुढच्या आठवड्यात फोन बंद पडेल. आणि एका देशात बंद केलेला फोन दुसऱ्या देशात चालूही शकतो, कारण सगळे देश एकमेकांच्या याद्या वापरतातच असं नाही. परदेशातून आलेल्या फोनबद्दल स्थानिक तपासणीतून म्हणूनच अर्धंच कळतं.

तपासणी झाली की स्वतःचं सिम घालून एक कॉल करा आणि एक घ्या. आयफोनवर `Settings`, `General`, `About` मध्ये `Carrier Lock` समोर `No SIM restrictions` असं असायला हवं. तिथे दुसरं काही असेल, तर फोन एकाच मोबाइल कंपनीला बांधलेला आहे. सिम ट्रेमध्ये सिमखाली एखादी पातळ चकती दिसली, तर ती हे बंधन चुकवण्यासाठी लावलेली असते आणि एखाद्या अपडेटनंतर तिचा उपयोग संपू शकतो.

बॅटरी: रीसेटच्या आधी बघा

बॅटरीची तपासणी मी रीसेटच्या आधी करतो, कारण तिला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात फोन गरम कसा होतो तेही दिसतं.

आयफोनवर सेटिंग्जच्या बॅटरीच्या भागात `Maximum Capacity` दिसते. ॲपलचा स्वतःचा हिशोब असा: आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर यावी, आयफोन १५ पासूनच्या फोनांची १००० नंतर. आयफोन १५ पासून चार्जिंगची ही संख्याही तिथेच दिसते, त्यामुळे ताळा करता येतो. ८० च्या वरचा आकडा मला चालतो, फोन जुना असेल तर ८५ हा आकडा उलट विश्वासाचा वाटतो. तीन-चार वर्षं वापरलेल्या फोनवर १०० दिसलं तर मात्र मी थांबतो. याचा अर्थ बॅटरी बदललेली आहे. ती चांगली असेल किंवा नसेल. जुन्या बॅटरीची चिप काढून नवीन, हलक्या प्रतीच्या सेलवर बसवतात आणि आकडा पुन्हा लिहितात, हे दुरुस्तीच्या बाजारात सर्रास चालतं. `About` मध्ये `Parts and Service History` असा भाग दिसला तर उघडा. बॅटरीसमोर `Unknown Part` असेल, तर वर दिसणाऱ्या टक्क्यांना काही अर्थ उरत नाही.

अँड्रॉइडवर काही नव्या फोनांत सेटिंग्जमध्येच बॅटरीची तब्येत दिसते, पण बऱ्याच फोनांत ती नसते. तेव्हा मी लॅपटॉप आणि केबल नेतो. लॅपटॉपवर गूगलचं `adb` हे साधन आधीच बसवलेलं असावं लागतं. फोनमधल्या `About phone` मध्ये `Build number` वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. तिथे `USB debugging` चालू करून, केबल जोडून, फोनवर विचारलेली परवानगी देऊन लॅपटॉपवर हा आदेश द्यायचा:

```
adb shell dumpsys battery
```

भावासाठी दुसऱ्यांदा फोन बघायला गेलो तेव्हा मी बरोबर होतो. त्या फोनची मूळ क्षमता ५००० एमएएच. उत्तरात आलेल्या कामाच्या ओळी या:

```
Charge counter: 2304000
health: 2
level: 64
temperature: 314
```

विक्रेत्याने `health: 2` बघून लगेच म्हटलं, "बघा, दोन म्हणजे उत्तम." दोन म्हणजे उत्तम हे खरं, पण ती ओळख आत्ताच्या स्थितीची आहे. बॅटरी जास्त तापलेली नाही, व्होल्टेज भलतंच चढलेलं नाही, एवढंच ती सांगते. बॅटरी किती झिजली आहे, ते त्यात येत नाही. झीज काढायची तर वरची ओळ बघावी लागते. `Charge counter` म्हणजे बॅटरीत आत्ता असलेला चार्ज, तोही एमएएचच्या हजाराव्या भागात. म्हणजे २३०४ एमएएच. फोन म्हणतोय की बॅटरी ६४ टक्के भरली आहे. मग पूर्ण भरल्यावर किती बसेल? २३०४ भागिले ०.६४, म्हणजे ३६०० एमएएच. मूळ ५००० होती, म्हणजे ७२ टक्के उरली.

एका मोजणीवर मी विश्वास ठेवत नाही. फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावलं, स्क्रीन पूर्ण उजळ केली आणि बाकीची तपासणी सुरू ठेवली. बॅटरी ५२ टक्क्यांवर आली तेव्हा पुन्हा आदेश दिला: १८७०००० आलं. १८७० भागिले ०.५२, म्हणजे ३५९६. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी, तेव्हा आकडा खरा धरायला हरकत नव्हती. नवीन बॅटरीचा आणि मजुरीचा खर्च त्याच्यासमोर मांडला, तेवढी रक्कम त्याने किमतीतून कमी केली.

या पद्धतीची मर्यादा आहे. काही फोन हा चार्ज खरंच मोजत नाहीत, मूळ क्षमतेला टक्क्यांनी गुणून तयार आकडा देतात. तेव्हा भागाकार दर वेळी तंतोतंत मूळ क्षमतेइतका येतो. वापरलेल्या फोनवर असं बरोबर ५००० आलं, तर ते बॅटरीचं कौतुक समजू नका, मोजमापच नाही असं समजा. काही फोन ही ओळ देतच नाहीत.

लॅपटॉप नसेल, तर वीस मिनिटं पूर्ण उजळ स्क्रीनवर व्हिडिओ रेकॉर्ड करत ठेवा आणि टक्के बघत राहा. झिजलेली बॅटरी सरळ उतरत नाही. ती ४१ वरून एकदम ३४ वर येते, किंवा २५ टक्के असताना फोन बंद पडतो आणि चार्जरला लावताच पुन्हा तेच २५ दाखवतो. फोन पाठीवर टेबलावर ठेवून बोटाने कोपरा दाबा. डुलत असेल किंवा स्क्रीनची कड एका बाजूला उचललेली दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तो फोन घेऊ नका आणि त्या माणसालाही सांगा की असा फोन चार्जिंगला लावणं धोक्याचं आहे.

आता कुलपांची परीक्षा

रीसेटच्या आधी चालू फोनमध्ये दोन-तीन जागा बघून घ्या. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर `This iPhone is supervised and managed by` अशी ओळ असेल, तर फोन संस्थेचा आहे. `General` मधलं `VPN & Device Management` रिकामं असावं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जच्या शोधात `admin` आणि `financed` हे शब्द टाकून बघा. `Financed device info` असं पान निघालं, तर फोन हप्त्यांवर घेतलेला आहे आणि हप्ता चुकला की कर्ज देणारा तो दुरून बंद करू शकतो. हप्ते बाकी असलेल्या फोनची ही पंचाईत असते की तो विकताना उत्तम चालतो. विकणाऱ्याने पैसे मिळाल्यावर हप्ते भरणं थांबवलं की मग तो बंद पडतो. "उरलेले दोन हप्ते मी भरून टाकीन" या शब्दावर फोन घेऊ नका. हप्ते फिटल्याचं कर्ज देणाऱ्याचं पत्र आधी, फोन नंतर.

मग रीसेट. आयफोनवर `General`, `Transfer or Reset iPhone`, `Erase All Content and Settings`. वाटेत ॲपल खात्याचा पासवर्ड मागितला, तर खातं अजून आत आहे. विक्रेत्याने तो स्वतःच्या हाताने टाकावा. फोन पुन्हा सुरू झाला की भाषा निवडा आणि इंटरनेट जोडा, शक्यतो तुमच्याच दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. पुढचं मिनिटभर फोन ॲपलशी बोलतो. `iPhone Locked to Owner` नाही, `Remote Management` नाही, थेट तुमचं ॲपल खातं विचारलं, म्हणजे त्या बाजूने फोन मोकळा.

अँड्रॉइडवर मी मुद्दाम कडक वाट धरतो. विक्रेत्याने सगळी खाती आणि पिन काढल्यावर फोन बंद करायचा आणि बटणं दाबून रिकव्हरी नावाच्या मेनूत जाऊन `Wipe data/factory reset` करायचं. बटणांची जोडी मॉडेलप्रमाणे बदलते, बहुतेक ठिकाणी पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण, काही फोनांना त्या वेळी केबल जोडलेली लागते. सेटिंग्जमधला रीसेट कुलपाची खूण पुसून टाकू शकतो, रिकव्हरीतला पुसत नाही. म्हणून आत कुणाचं खातं शिल्लक असेल किंवा आधी कुणी कुलूप चुकवून फोन चालवला असेल, तर बहुधा याच वाटेवर ते उघडं पडतं. मात्र खाती काढल्याची खात्री झाल्याशिवाय हा रीसेट करू नका. विक्रेत्यालाच पासवर्ड आठवत नसेल, तर त्याचा चांगला फोन तुमच्यामुळे अडकेल.

फोन सुरू होताना वाय-फायच्या पानावर `Skip` किंवा `Set up offline` असा पर्याय दिसला, तर तो दाबू नका आणि दाबूही देऊ नका. फोन नेटला न लावता होम स्क्रीनवर आणून दाखवणं ही जुनी चलाखी आहे. नेट जोडा, स्वतःचं खातं टाका, होम स्क्रीन येऊ द्या. `This device belongs to your organization` अशा अर्थाचं काही आलं, तर तोही संस्थेचा फोन.

भावाच्या दुसऱ्या फोनला या सगळ्याला मिळून चाळीसेक मिनिटं लागली. त्यातली वीस बॅटरीची होती.

एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. विक्रेता म्हणतो, "खातं काढायला वेळ नाही, माझा आयडी-पासवर्डच देतो, तोच वापरा." तो पासवर्ड त्याला उद्या बदलता येतो आणि फोन घरबसल्या बंद करता येतो. त्याचं खातं आत असेपर्यंत मालक तोच आहे.

फोन आधीच अडकला असेल तर

कुलूप कुठलं आहे, त्यावर चावी कुणाकडे ते ठरतं. `iPhone Locked to Owner` असेल, तर जुन्या मालकाला फोन हातात घेण्याचीही गरज नाही. त्याने iCloud.com/find वर लॉगिन करून तो फोन आपल्या यादीतून काढून टाकला की पुरे. तुम्ही फोन पुन्हा सुरू करा, कुलूप गेलेलं असेल. त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे असं समजावून सांगा, बरेच लोक त्रासाच्या भीतीनेच टाळत असतात. तो सापडतच नसेल आणि तुमच्याकडे फोनचं मूळ खरेदीचं बिल असेल, तर ॲपलकडे कुलूप काढण्याचा अर्ज करता येतो. दोघांत हाताने लिहिलेली पावती तिथे चालत नाही, म्हणूनच मूळ बिल मागून घ्यायचं.

अँड्रॉइडच्या कुलपाला जुना पिन किंवा जुनं गूगल खातं लागतं आणि खूण फोनमध्येच असल्याने मालकाला फोनजवळ यावं लागतं, किंवा व्हिडिओ कॉलवर बोलत तुमच्याकडून टाकून घ्यावं लागतं. तसं केलं, तर नंतर त्याने लगेच आपला पासवर्ड बदलावा. पासवर्ड विसरला म्हणून नुकताच बदलला असेल, तर एक दिवस थांबून मग प्रयत्न करा, ताज्या पासवर्डला फोन कधी कधी नकार देतो.

संस्थेचं कुलूप फक्त त्या संस्थेचा संगणक विभाग काढू शकतो, तेही त्यांनी तो फोन रीतसर विकला किंवा मोडीत काढला असेल तर. भावाने त्या कंपनीला पत्र लिहिलं. फोन आमचा आहे, परत करा, असं उत्तर आलं. त्याने तो परत केला. पैसे गेले. फोन विकणारा त्यानंतर फोन उचलत नाही.

काळ्या यादीतला आयएमईआय तक्रार करणाऱ्याच्या विनंतीवरच मोकळा होतो. क्रमांक बदलून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे. आणि पैसे घेऊन कुठलंही कुलूप दुरून काढून देतो, अशा जाहिरातींतून फोन सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. आगाऊ पैसे गेलेले पुष्कळांचे पाहिले. जे तात्पुरतं उघडतं, ते पुढच्या रीसेटला पुन्हा बंद होतं, आणि तोवर तो फोन आणखी कुणाला तरी विकलेला असतो.

व्यवहार पक्का झाला की एका कागदावर तारीख, रक्कम, दोघांची नावं, दोन्ही आयएमईआय आणि "फोनवर कोणतंही कर्ज किंवा तक्रार नाही" हे वाक्य लिहून विक्रेत्याची सही घ्या, त्याच्या ओळखपत्राशी नाव जुळवून पाहा आणि मूळ बिल ताब्यात घ्या. आयएमईआयची तपासणी आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा करा. उशिरा आलेली तक्रार असेल, तर ती बहुधा याच काळात समोर येते आणि कागद हातात असेल, तर विक्रेत्याला गाठण्याइतका वेळ तुमच्याकडे असतो.